पुरुषांच्या रेंजमधला टी-शर्ट किंवा हुडी घेताना साइज कशी ठरवायची: आधी खांदा, मग घेर, शेवटी लांबी

युनिसेक्स टी-शर्ट घेणाऱ्या बाईला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘नेहमीपेक्षा एक साइज कमी घे’. हा सल्ला काहींना लागू पडतो आणि बऱ्याच जणींना फसवतो, कारण त्यात फक्त छातीचा विचार आहे. एक साइज खाली गेल्यावर खांदा नीट बसतो, पण शर्ट नितंबांवर अडकतो. नितंबांसाठी एक साइज वर गेलं की खांद्याची शिलाई दंडावर येते आणि लांबी मांडीपर्यंत जाते. असं का होतं हे कळलं, तर घरी चार मापं घेऊन साइज बऱ्यापैकी अचूक ठरवता येते.

‘युनिसेक्स’ असं लेबल असलेले बहुतेक टी-शर्ट पुरुषांच्याच कटवर बेतलेले असतात. हा कट म्हणजे काखेपासून खालपर्यंत सरळ नळी. छातीशी जितकी रुंदी, साधारण तितकीच खालच्या काठाशी. कंबरेला आत घेतलेलं नसतं आणि नितंबांसाठी बाहेर सोडलेलं नसतं. बायकांच्या टी-शर्टमध्ये खांदा अरुंद असतो, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेभोवतीची गोलाई, उंच आणि आखूड असतो, बाही लहान असते आणि लांबी बहुधा २४ ते २६ इंच असते. पुरुषांच्या एम साइजमध्ये लांबी २८ ते २९ इंच, मुंढा खोल आणि बाही रुंद. म्हणून दोन्हीकडच्या ‘एम’ची तुलना करण्यात अर्थ नाही. अक्षर विसरायचं आणि इंच बघायचे.

चार्टवरचा आकडा नेमका कशाचा?

साइज चार्टमध्ये दोन प्रकारची मापं असतात आणि सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. एक अंगाचं माप, म्हणजे ‘इतक्या छातीच्या माणसाला हा शर्ट बसेल’. दुसरं कपड्याचं माप, म्हणजे शर्ट सपाट पसरून मोजलेलं. एका चार्टवर एस साइजपुढे ‘छाती ३६’ लिहिलेलं असेल आणि दुसऱ्यावर त्याच साइजपुढे ‘छाती ४०’, तरी शर्ट एकाच मापाचे असू शकतात. पहिल्यात अंग मोजलंय, दुसऱ्यात कपडा, आणि मधले चार इंच म्हणजे सैलपणा. चार्टवर छाती १८, २० किंवा २२ असे लहान आकडे दिसले, तर ते एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं, म्हणजे अर्ध्या घेराचं माप असतं. त्याची दुप्पट केली की शर्टाचा पूर्ण घेर मिळतो. चार्टवर फक्त अंगाची मापं असतील आणि खांदा, लांबी दिलेलीच नसेल, तर त्यावरून आपल्याला फारसं काही ठरवता येत नाही. अशा वेळी कपड्याची मापं मागून घ्यावीत.

आता आपली मापं. छातीचा घेर सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप पाठीमागे खाली न घसरू देता घ्यायचा. नितंबांचा घेरही सगळ्यात रुंद जागी घ्यायचा. ही जागा बहुतेकींची कंबरेच्या खाली सात ते आठ इंचांवर येते. खांदा मागून मोजायचा: एका बाजूच्या खांद्याच्या टोकाला जे हाड बोटाला लागतं तिथून मानेच्या खालून दुसऱ्या हाडापर्यंत. हे माप एकटीने नीट येत नाही, कुणाची तरी मदत घ्यावी. चौथं माप लांबीचं: मान आणि खांदा जिथे मिळतात त्या बिंदूपासून, छातीच्या उभारावरून, शर्ट जिथे संपावासा वाटतो तिथपर्यंत. शर्टाची लांबीही याच बिंदूपासून मोजतात. टेप पाठीवरून सरळ खाली सोडून लांबी ठरवली, तर समोरची लांबी कमी भरते. छातीच्या उभारावरून जाताना कापड खर्ची पडतं आणि पुरुषांच्या कटमध्ये त्यासाठी जादा कापड ठेवलेलं नसतं. छाती भरलेली असेल, तर अशा शर्टाचा पुढचा काठ मागच्यापेक्षा वर उचललेला दिसतो तो याचमुळे.

खांदा आधी का?

टी-शर्ट खांद्यावरून लोंबतो. तिथे चुकलं तर खालचं सगळं चुकतं, आणि नंतर दुरुस्त करायला तीच सगळ्यात अवघड जागा आहे. लांबी कापता येते, बाजू आत घेता येतात. पण खांदा अरुंद करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा नव्याने कापायचा आणि बाही पुन्हा बसवायची. साध्या टी-शर्टसाठी इतकं काम कुणी करून घेत नाही.

खांद्याची शिलाई हाडावरच यायला हवी, असं मात्र नाही. पुरुषांच्या कटमध्ये ती प्रत्येक बाजूला इंचभर खाली आली तरी चालतं, कपडा आरामशीर दिसतो. दीड इंच उतरली तर चालेल की नाही हे कापडावर अवलंबून असतं. १५० ते १८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं, पातळ कापड दंडावर मऊ पडतं आणि उतरलेली शिलाई डोळ्यात भरत नाही. २२० किंवा २४० जीएसएमचं जाड कापड मात्र पडत नाही, खांद्यापाशी कोपरा काढून उभं राहतं. म्हणजे तीच साइज, तोच खांदा, तरी जाड कापडात शर्ट एक साइज मोठा वाटतो. शिलाई दोन इंच किंवा त्याहून जास्त उतरली, की बाही कोपराकडे सरकते आणि काखेखाली कापडाची घडी जमते.

उतरलेल्या खांद्याबरोबर खोल मुंढाही येतो. हात वर केला की अख्खा शर्ट पोटावरून वर चढतो, असा अनुभव असेल तर दोष लांबीचा नसतो. मुंढा काखेच्या जितका खाली, तितका हात उचलताना तो अंगाचं कापड आपल्याबरोबर ओढतो. त्यावर लांब शर्ट घेणं हा उपाय नव्हे. उंच मुंढ्याचा, म्हणजे बहुधा लहान साइजचा शर्ट घेतला तर चढणं कमी होतं.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. ओव्हरसाइज्ड किंवा ड्रॉप शोल्डर म्हणून विकल्या जाणाऱ्या शर्टमध्ये खांदा मुद्दाम उतरवलेला असतो आणि बाही त्या हिशेबाने आखूड ठेवलेली असते. तिथे खांद्याचं माप जुळवायला गेलं तर तीन साइज खाली जावं लागेल आणि घेर घट्ट होईल. ओळखायची खूण सोपी आहे. नेहमीच्या कटमध्ये खांद्याचं माप अर्ध्या छातीपेक्षा दोनेक इंच कमी असतं, उदाहरणार्थ छाती २० आणि खांदा १८. चार्टवर छाती २२ आणि खांदा २१ किंवा २२ दिसला, तर तो ड्रॉप शोल्डर आहे. तिथे खांदा बाजूला ठेवायचा आणि घेर व लांबी बघूनच ठरवायचं.

एक उदाहरण, आकड्यांसह

उंची पाच फूट दोन इंच, छाती ३८, नितंब ४२, खांदा १५ इंच, अशी एक बाई धरू. तिला नितंब झाकणारा शर्ट हवा आहे. मानेच्या बिंदूपासून तिने मोजलेली लांबी २६ इंच आहे. तिच्या समोर असा चार्ट आहे, सगळी कपड्याची मापं, इंचात:

| साइज | अर्धी छाती | खांदा | लांबी |
|---|---|---|---|
| एस | १८ | १७ | २८ |
| एम | २० | १८ | २९ |
| एल | २२ | १९ | ३० |

खांद्यावरून बघितलं तर एस सगळ्यात जवळचा. १७ मधून १५ वजा केले की दोन इंच उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला एक इंच. पण एसचा पूर्ण घेर ३६ आणि तिची छाती ३८. विणलेलं कापड ताणतं, शर्ट अंगात जाईल, पण छातीवर आडव्या रेषा उमटतील, काखेत ओढ येईल आणि नितंबांवर तर सहा इंच ताणावं लागेल. एस बाद.

नितंबांवरून बघितलं तर एल. घेर ४४, नितंबांना दोन इंच मोकळे. पण खांदा १९, शिलाई दोन्हीकडे दोन दोन इंच उतरणार. लांबी ३०, म्हणजे हवी त्यापेक्षा चार इंच जास्त. छातीला सहा इंच सैल. बहुतेक जणी इथेच थांबतात आणि ‘पुरुषांचे शर्ट मला शोभत नाहीत’ असं ठरवून टाकतात.

एमचं गणित असं. छातीचा घेर ४०, तिच्यापेक्षा दोन इंच जास्त, टी-शर्टसाठी पुरेसा. खांदा दीड इंच उतरतो, पातळ कापडात चालेल. अडचण एकच: काठाचा घेर ४० आणि नितंब ४२. दोन इंच ताण कापडाला जड नाही, पण ताणलेला काठ एका जागी राहत नाही. चालताना, बसता-उठता तो अरुंद भागाकडे, म्हणजे कंबरेकडे सरकतो आणि तिथे आडव्या घड्या करून बसतो.

इथे लांबी कामी येते. काठ नितंबांच्या सगळ्यात रुंद रेषेवर किंवा खाली संपत असेल, तरच नितंबांचं पूर्ण माप शर्टाला लागू होतं. काठ त्या रेषेच्या दोन इंच वर आणला, तर तिथला शरीराचा घेर कमी असतो. या बाईचा तो ४० भरला, तर एमचा काठ तिथे आरामात बसेल. तिला आखूड शर्ट चालत असता तर तिने एम घेऊन लांबी कापायची, एवढंच. पण तिला नितंब झाकायचे आहेत, म्हणून तिच्यासाठी दुसरी वाट: दोन्ही बाजूंना काठापासून वर चार इंचांचे कट. कट रुंद रेषेच्या वरून सुरू झाला की पुढचा आणि मागचा भाग सुटे होतात आणि काठाला ताणावंच लागत नाही.

म्हणजे ती एम घेते, आधी धुते, मग लांबी २६ करते आणि बाजूला कट देते. पहिल्या धुण्यात सुती कापड लांबीला तीन ते पाच टक्के आटू शकतं. २९ इंचांचा शर्ट चार टक्के आटला तर २८ च्या जवळ येतो. त्यातून एक इंच कापायचा आणि एक इंच आत दुमडायचा, लांबी तयार होते २६. न धुता आधीच २६ केला असता, तर धुतल्यावर तो २५ झाला असता आणि काठ पुन्हा नितंबांच्या रुंद रेषेजवळ आला असता. लेबलवर ‘प्रीश्रंक’ लिहिलेलं असलं तरी थोडं आटतंच, त्यामुळे कापण्याआधी एकदा, जमलं तर दोनदा धुवावं.

शिंप्याकडे देताना दोन गोष्टी सांगायच्या. दुमड साध्या सरळ टाक्याने घालू नये, कारण कापड ताणलं की तो टाका तुटतो. फ्लॅटलॉक मशीनवर किंवा दोन सुयांच्या टाक्याने घालावी. दुसरं, बऱ्याच साध्या टी-शर्टला बाजूला शिलाईच नसते, कापड नळीसारखंच विणलेलं असतं. तिथे कट द्यायचा तर कापड कापून कडा दुमडाव्या लागतात, नुसतं उसवून भागत नाही. अंगात आत घ्यायचं असेल तरी नवी शिलाई येणार, हे आधीच माहीत असलेलं बरं.

हेच गणित छाती ३५ आणि नितंब ३७ असलेल्या बाईला लावलं, तर एस सरळ बसतो. ३६ घेरात छाती मावते, काठावर एक इंचाचा ताण आहे पण तो नगण्य. ‘एक साइज कमी घे’ हा सल्ला अशा अंगलटीलाच लागू पडतो. छाती आणि नितंबांमध्ये चार इंच किंवा त्याहून जास्त फरक असेल, तर तो सल्ला सोडून द्यावा.

हुडीचा हिशेब वेगळा

टी-शर्टची लांबी कापता येते म्हणून ती शेवटी बघितली. हुडीत तसं करता येत नाही. खाली रिबचा, म्हणजे ताणणाऱ्या उभ्या रेघांच्या विणीचा, पट्टा असतो. लांबी कमी करायची तर पट्टा उसवून, अंग कापून पट्टा परत जोडावा लागतो, आणि पुढचा मोठा खिसा काठाला लागून असेल तर तोही आडवा येतो. त्यामुळे हुडीत लांबी सुरुवातीलाच जुळवून घ्यायची. लांब झालेली हुडी ओळखायला खिसा बघावा. हात सहज खाली सोडून आत घालता येत नसतील, खांदे वाकवावे लागत असतील, तर ती आपल्याला लांब आहे.

रिबचा पट्टा अंगापेक्षा अरुंद असतो. छाती २२ असलेल्या हुडीचा पट्टा न ताणता १७ किंवा १८ भरू शकतो, म्हणजे घेर ३४ ते ३६. हा पट्टा ४२ च्या नितंबांवर बसला तर तो घट्ट धरतो, हळूहळू कंबरेकडे चढतो आणि वरचं सैल कापड पोटावर फुग्यासारखं लोंबतं. इथे साइज वाढवून फारसा फायदा होत नाही. पट्टा थोडा रुंद होतो, पण खांदा आणि बाही त्याहून जास्त बिघडतात. नितंब रुंद असतील तर साधा दुमडलेला काठ असलेली किंवा बाजूला कट असलेली हुडी शोधावी. तशी मिळाली नाही, तर पट्टा नितंबांच्या रुंद रेषेच्या वरच थांबेल इतकी आखूड हुडी घ्यावी. फसगत टाळायची तर चार्टमध्ये पट्ट्याची रुंदी ताणून आणि न ताणता अशी दोन्ही दिली आहे का, तेही बघावं.

सैलपणाही इथे जास्त लागतो. टी-शर्टला छातीवर दोन ते चार इंच पुरतात. हुडीच्या आत आणखी एक कपडा असतो आणि कापड २८० ते ३५० जीएसएमचं जाड असतं, म्हणून चार ते सहा इंच धरावेत. वरच्या उदाहरणातल्या बाईला ३८ छातीसाठी हुडीचा घेर ४२ ते ४४ लागेल.

आणि बाही. तिच्या खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत २२ इंच भरतात. हुडीचा खांदा १९ आणि बाही २५ असेल, तर शिलाई दोन इंच उतरून बाही तिथून सुरू होते. एकूण २७, म्हणजे पाच इंच जास्त. कफ मनगटाला धरून ठेवतो म्हणून हात झाकला जात नाही, पण वरचं सगळं कापड कोपराखाली गोळा होतं. दीड-दोन इंच जास्त असणं चांगलंच, कारण कोपर दुमडल्यावर तेवढं लागतं. चारच्या पुढे गेलं की साइज किंवा कट बदलावा.

अरुंद खांद्यांसाठी रॅग्लन बाहीची हुडी हा उत्तम मार्ग आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा वापरला जात नाही. यात बाही थेट गळ्यापासून तिरकी निघते, खांद्यावर शिलाईच नसते, त्यामुळे ती उतरण्याचा प्रश्न उरत नाही. चार्टवर खांद्याचा आकडा नसेल, तर घाबरून जाऊ नये. मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंतचं माप बघायचं. आपलं तेच माप म्हणजे अर्धा खांदा अधिक हात. या बाईचं साडेसात अधिक २२, साडेएकोणतीस इंच. चार्टवर ३१ च्या आसपास असेल तर बाही बरोबर बसेल.

चेनवाली हुडी घालून बघताना ती बंद करून खुर्चीवर बसावं. छातीवर कमी पडत असेल तर चेन लाटांसारखी वाकडी दिसते. नितंबांवर अडकत असेल तर बसल्यावर चेन पोटापाशी बाहेर उचलली जाते. पुढून गळा घशाला लागत असेल, तर टोपीचं वजन मागे ओढतंय. जड टोपी आणि सैल खांदा एकत्र आले की असं होतं. मोठी साइज घेतल्याने ते वाढतं, एक साइज खाली गेल्यावर बहुधा कमी होतं.